रचलेला अस्सलपणा: सोशल मीडिया, हायपररिॲलिटी आणि सिम्युलाक्रम यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वाचकांकडून पुन्हा पुन्हा येतात. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल; जिथे मुद्दा आधी येऊन गेला आहे तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उदाहरण शक्यतो एकच ठेवलं आहे: झोपेतून उठण्यापासून सुरू होणारा 'माझी सकाळ' छापाचा छोटा व्हिडिओ. तो जवळपास सगळ्यांनी पाहिलेला असतो आणि या विषयातली बहुतेक गुंतागुंत त्यात सापडते.

१. हायपररिॲलिटी म्हणजे काय? अगदी सोप्या शब्दांत सांगा.

एखादी गोष्ट कशी असायला हवी हे तिची चित्रंच ठरवू लागतात आणि मग खरी गोष्ट त्या चित्रांच्या मापाने मोजली जाते, त्या अवस्थेला हायपररिॲलिटी म्हणतात.

एखाद्या धबधब्याचे शेकडो फोटो पाहून तुम्ही तिथे जाता. पाणी फोटोतल्याइतकं निळं नसतं, धारही बारीक असते, आणि तोंडून निघतं, "फोटोत होता तसा नाही." इथे तक्रार फोटोबद्दल नसून धबधब्याबद्दल आहे, हे लक्षात घ्या. मोजपट्टी फोटोच्या हातात गेली आणि कमी पडला तो धबधबा.

ही कल्पना मुख्यतः फ्रेंच विचारवंत ज्याँ बोद्रियार (१९२९–२००७) यांच्या नावाशी जोडली जाते. त्यांचं या विषयावरचं सर्वांत प्रसिद्ध पुस्तक १९८१ सालचं. त्याआधी, १९७५ मध्ये, इटलीचे उम्बर्तो एको यांनी अमेरिकेतली मेणाच्या पुतळ्यांची संग्रहालयं आणि हुबेहूब प्रतिकृती पाहून याच शब्दाभोवती निबंध लिहिला होता. प्रतिकृती मुळापेक्षा जास्त भरीव आणि जास्त 'पूर्ण' वाटावी अशीच घडवलेली असते, हा त्यांचा मुद्दा होता.

२. मग मराठीत 'अतिवास्तव' म्हटलं तर चालेल का?

टाळलेलं बरं. 'अतिवास्तववाद' हा शब्द मराठीत स्वप्न आणि नेणीव यांच्यावर उभ्या असलेल्या कलाचळवळीसाठी रूढ झाला आहे. ती चळवळ मुद्दाम विचित्र, अशक्य प्रतिमा मांडते. हायपररिॲलिटीत विचित्र काहीच दिसत नाही. सगळं अगदी साधं, पटण्यासारखं दिसतं, आणि म्हणूनच ती लक्षात येत नाही. काही लेखक 'अधिवास्तव' म्हणतात. इथे आम्ही मूळ शब्दच वापरला आहे.

३. सिम्युलाक्रम म्हणजे नक्कलच ना?

नाही. नकलेला मूळ लागतं. बनावट चित्र पकडता येतं, कारण अस्सल चित्र कुठेतरी टांगलेलं असतं आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतात. सिम्युलाक्रम (अनेकवचन सिम्युलाक्रा) म्हणजे अशी प्रत, जिच्यामागे मूळ उरलेलं नाही किंवा कधी नव्हतंच.

चेहऱ्याचा फिल्टर घ्या. तो त्वचा गुळगुळीत करतो, डोळे मोठे आणि नाक बारीक करतो. हा चेहरा कोणाची प्रत आहे? कोणाचीच नाही. तरीही आपल्याच फिल्टर लावलेल्या फोटोसारखं दिसायचं म्हणून लोक प्लास्टिक सर्जनकडे जातात, आणि २०१८ पासून वैद्यकीय नियतकालिकांत त्यावर चर्चा झालेली आहे. मूळ नसलेली प्रत आता खऱ्या चेहऱ्याकडून आपली नक्कल मागू लागली आहे.

४. बोद्रियार यांचे 'चार टप्पे' पाठ आहेत, पण प्रत्यक्ष पोस्टला लावता येत नाहीत. कसे लावायचे?

प्रतिमेचं वास्तवाशी असलेलं नातं कसं बदलत जातं, ते हे टप्पे सांगतात. सकाळचाच विषय धरून चारही पाहू.

पहिला टप्पा: प्रतिमा वास्तवाकडे बोट दाखवते. ताप आलेली मुलगी अंथरुणातूनच फोटो काढते आणि बहिणीला पाठवते: "आज येत नाही गं, बघ डोळे." फोटोचं काम एका स्थितीची खबर देण्याचं आहे. बहिणीला तो ताडूनही पाहता येतो, कारण ती घरी येऊ शकते.

दुसरा टप्पा: प्रतिमा वास्तव झाकते किंवा बिघडवून दाखवते. तीच मुलगी ताप उतरल्यावर पोस्ट टाकते. खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग फ्रेमबाहेर सरकवलेला असतो आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसलेली असतात. इथे मागे काहीतरी खरं आहे, ते फक्त लपवलेलं आहे. नेहमीच्या बोलण्यात आपण ज्याला 'खोटी पोस्ट' म्हणतो ती बहुतेक वेळा इथली असते.

तिसरा टप्पा: मागे वास्तव नाही, ही गोष्टच प्रतिमा झाकते. आता 'माझी सकाळ, जशी आहे तशी' हा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ घ्या. गजर वाजतो, ती डोळे उघडते, दार उघडून खोलीबाहेर येते, तोंड धुते, खिडकीशी कप घेऊन बसते, शेवटी उशीत तोंड खुपसून म्हणते, "आज काहीच नकोसं वाटतंय." एकूण सहा शॉट. प्रत्येक शॉटसाठी फोन उभा करायचा, फ्रेम पाहायची, रेकॉर्ड दाबून जागेवर जायचं, कृती करायची, परत येऊन पाहायचं. एका प्रयत्नाला दोन मिनिटं आणि शॉटमागे तीन प्रयत्न धरले तरी छत्तीस मिनिटं होतात, संपादन वेगळंच. म्हणजे त्या दिवशी 'निवांत सकाळ' घडलीच नाही. घडलं ते छत्तीस मिनिटांचं चित्रीकरण. व्हिडिओ कुठलीही खरी सकाळ लपवत नाही, कारण लपवायला ती सकाळ नव्हतीच.

चौथा टप्पा: प्रतिमेचा वास्तवाशी संबंधच उरत नाही, ती फक्त इतर प्रतिमांशी बोलते. अशा व्हिडिओंची एक ठरलेली घडण बनते: पांढरी चादर, खिडकीतला तिरका उजेड, शॉटचा तोच क्रम, मागे तोच गाजलेला आवाज. नवा व्हिडिओ आधीचे व्हिडिओ पाहून बनतो आणि पाहणाराही त्यांच्याशीच तुलना करतो. 'कोणाची सकाळ, कधीची' हा प्रश्न कोणाला सुचतही नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यात सर्वांत जास्त गोंधळ होतो. त्यावर एक कसोटी उपयोगी पडते: प्रतिमा बाजूला काढली तर मागे काय उरतं, ते पाहा. पसारा उरला तर दुसरा टप्पा. फोनचा स्टँड आणि सहा फाइली उरल्या तर तिसरा.

आणखी एक खबरदारी. हे चार टप्पे आणि बोद्रियार यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या सिम्युलाक्रमच्या तीन श्रेणी (हुबेहूब नक्कल, कारखान्यातलं उत्पादन, सिम्युलेशन) या वेगळ्या मांडण्या आहेत. श्रेणी इतिहासातल्या कालखंडांबद्दल आहेत, टप्पे एखाद्या प्रतिमेच्या वास्तवाशी असलेल्या नात्याबद्दल. उत्तरपत्रिकेत त्यांची सरमिसळ नेहमी दिसते.

५. 'रचलेला अस्सलपणा' ही कल्पना बोद्रियार यांचीच का?

नाही, ती समाजशास्त्रातून आली. अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५० च्या दशकात रोजच्या वागण्याला नाटकाची उपमा दिली: लोकांसमोर आपण रंगमंचावर असतो आणि विंगेत गेलो की सैल होतो. डीन मॅकॅनेल यांनी १९७३ मध्ये ही जोडी पर्यटनाला लावली. त्यांचं निरीक्षण असं की पर्यटकाला मंचाचा कंटाळा येतो, त्याला विंग पाहायची असते. मग त्याच्यासाठी विंगेसारखा दिसणारा मंच बांधला जातो. यालाच त्यांनी रचलेला अस्सलपणा म्हटलं.

मंचापासून विंगेपर्यंत त्यांनी सहा पायऱ्या सांगितल्या. त्यांतल्या दोन इथे फार कामाच्या आहेत. एक, पूर्णपणे विंगेसारखा मांडलेला मंच. प्रश्न ४ मधला सकाळचा व्हिडिओ हा असा मंच आहे. दुसरी, खरीच विंग, पण पाहुणे डोकावणार म्हणून थोडी आवरलेली. चित्रकाराच्या खऱ्या कामाच्या टेबलाचा व्हिडिओ, जिथे फक्त बिलं आणि औषधं बाजूला केली आहेत, तो या दुसऱ्या पायरीवर बसतो. दोन्हींना एकाच मापाने 'बनाव' म्हणणं अन्यायाचं आहे. चित्रकाराचं टेबल कॅमेरा बंद झाल्यावरही कामाचं टेबलच राहतं.

बोद्रियार यांच्याशी सांधा असा: मॅकॅनेल यांच्या मांडणीत सगळ्यात मागे खरी विंग आहे. बोद्रियार विचारतात, ती मागे आहे याची खात्री तुम्हाला कशावरून?

६. रडतानाचे व्हिडिओ मला खरे वाटतात. अश्रू खरे असतील तर ती रचना कशी?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण 'खरं की खोटं' ही जोडी इथे कमी पडते.

बोद्रियार सोंग आणि सिम्युलेशन यांत फरक करतात. आजाराचं सोंग घेणारा नुसता अंथरुणात पडून राहतो. डॉक्टर तपासतो आणि सोंग उघडं पडतं. सिम्युलेशन करणाऱ्याच्या अंगात मात्र आजाराची काही लक्षणं प्रत्यक्ष उमटतात. मग त्याला आजारी म्हणायचं की नाही? सोंग खऱ्याखोट्याची सीमा शाबूत ठेवतं. सिम्युलेशन तीच सीमा पुसतं.

रडण्याचा व्हिडिओ नेमका असाच असतो. माणूस खचलेला असतो. त्याने फोन उचललेला असतो, पुढचा कॅमेरा लावलेला असतो, स्वतःला स्क्रीनवर पाहिलेलं असतं. स्वतःचा रडवेला चेहरा पाहून रडू वाढतं, हेही खरं. पुढे तो व्हिडिओ पुन्हा पाहिला जातो, सुरुवातीचे चार सेकंद कापले जातात, मथळा लिहिला जातो. अश्रू खरे आणि रचनाही खरी. 'ती नाटक करतेय' म्हणणारे चुकतात आणि 'यात काहीच मांडलेलं नाही' म्हणणारेही.

म्हणून विचारायचा प्रश्न असा: हे दुःख कोणत्या घडणीत बसवलं गेलं? अशा व्हिडिओंतही आता ठरलेली पद्धत दिसते. सुरुवातीला बोलता न येणं, एकदा नजर वळवणं, मग "हे टाकावं की नाही कळत नव्हतं" हे वाक्य. ज्याचं दुःख या साच्यात बसत नाही, जो कोरड्या डोळ्यांनी सपाट आवाजात सांगतो, त्याच्यावर लोक कमी विश्वास ठेवतात. हायपररिॲलिटीचा हा सर्वांत क्रूर परिणाम आहे असं आम्हाला वाटतं.

७. व्हिडिओ रचलेला आहे हे ओळखायचं कसं?

सगळ्यात आधी एकच विचारा: आत्ता फोन कुठे आहे आणि तो तिथे कोणी ठेवला?

झोपलेल्या माणसाचा शॉट पायथ्याकडून असेल तर झोपेच्या आधी कोणीतरी तिथे फोन लावला. प्रश्न ४ मधल्या व्हिडिओत ती दार उघडून बाहेर येते आणि कॅमेरा बाहेर आहे, याचा अर्थ ती आधी एकदा बाहेर आली, फोन ठेवला, परत आत गेली, दार लावलं आणि मग उघडलं. एकटा प्रवासी पाठमोरा लांब निघून जातो. शॉट संपल्यावर तो फोन घ्यायला तेवढंच अंतर मागे आलेला असतो.

दुसरी खूण जोडाची. एकच हालचाल दोन कोनांतून सलग दिसली आणि फोन एकच असेल, तर ती हालचाल दोनदा केली गेली आहे. खिडकीच्या उजेडाचा पट्टाही पाहा; दोन शॉटांत तो जमिनीवर बराच सरकला असेल, तर 'पाच मिनिटांची सकाळ' पाच मिनिटांची नव्हती.

या खुणांची मर्यादा मात्र लक्षात ठेवा. त्यांतून मांडणी सिद्ध होते, लबाडी नाही. आणि घरातल्या दुसऱ्या माणसाने फोन धरला असेल तर पहिली खूण फसते. मग प्रश्न बदलतो: 'मी एकटी' म्हणणाऱ्या या फ्रेममागे उभं कोण आहे?

८. बीरिअलसारख्या ॲपने हा प्रश्न सुटला नाही का? तिथे तर तयारीला वेळच नसतो.

कल्पना नेमकी होती. २०२० मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेलं हे ॲप दिवसातून एकदा, न सांगता येणाऱ्या वेळी सूचना पाठवतं. दोन मिनिटांत पुढच्या आणि मागच्या दोन्ही कॅमेऱ्यांनी फोटो काढायचा. फिल्टर नाही. २०२२ मध्ये ते खूप गाजलं.

अडचण नियमांतच होती. उशिरा टाकलेला फोटो ॲप नाकारत नाही, फक्त उशीर झाल्याचं दाखवतं. साहजिकच लोक सूचना बाजूला ठेवून दिवसातला बरा प्रसंग येईपर्यंत थांबू लागले. फोटो पुन्हाही काढता येतो. पुढे २०२३ मध्ये, वेळेत फोटो टाकणाऱ्याला त्या दिवशी आणखी फोटो टाकायची मुभा बक्षीस म्हणून दिली गेली. उत्स्फूर्तपणाला बक्षीस लागलं की तो कमावण्याची गोष्ट होतो.

नियम आणखी कडक केले असते तरी मूळ प्रश्न राहिलाच असता. खालून घेतलेला कोन, अर्धा कापलेला चेहरा, मागे लॅपटॉपची स्क्रीन: 'तयारी नसलेला फोटो' कसा दिसतो हे काही महिन्यांत सगळ्यांना पाठ झालं. साधेपणाची शैली ठरली, आणि शैली ठरली की ती शिकता येते.

९. 'इन्स्टाग्राम विरुद्ध वास्तव' असे जोडफोटो टाकणारे तरी प्रामाणिक म्हणायचे ना?

हेतू बहुतेकांचा चांगलाच असतो आणि अशा पोस्टने कित्येकांना हायसं वाटतं, हे नाकारायचं कारण नाही. पण रचना बघा. उजवीकडचा 'वास्तव' फोटोही त्याच वेळी, त्याच उजेडात काढलेला आणि अनेकांतून निवडलेला असतो. फक्त पोट सैल सोडलेलं असतं.

बोद्रियार यांचं डिस्नेलँडचं प्रसिद्ध उदाहरण इथे चपखल बसतं. त्यांचं म्हणणं होतं की डिस्नेलँड उघडपणे काल्पनिक म्हणून मांडलं जातं, त्यामुळे कुंपणाबाहेरचं सगळं आपोआप 'खरं' वाटू लागतं. जोडफोटोतही डावीकडचा फोटो उघडपणे बनावट ठरवला की उजवीकडचा आपोआप अस्सल ठरतो, शिवाय ते सांगणारं खातंही. प्रश्न ४ मधला तिसरा टप्पा तो हाच.

कबुलीजबाबाचंही असंच होतं. २०१५ मध्ये इसेना ओ'नील या ऑस्ट्रेलियन तरुणीने, तिचे लाखो फॉलोअर असताना, आपले बरेच फोटो काढून टाकले आणि उरलेल्यांखाली ते कसे घडवले होते ते लिहिलं. तिने उघड केलेला तपशील मोलाचा होता. तरीही थोड्याच दिवसांत तिच्या कबुलीवरच देखाव्याचा आरोप झाला. कबुलीसुद्धा त्याच मंचावर, त्याच प्रेक्षकांसमोर आली होती. तिला वेगळी जागाच उपलब्ध नव्हती.

१०. पोस्टमागे माणूसच नसेल तर?

मग चौथा टप्पा अगदी उघडा दिसतो. लिल मिकेला हे संगणकावर घडवलेलं पात्र २०१६ पासून इन्स्टाग्रामवर आहे. २०१८ मध्ये तिचं खातं दुसऱ्या आभासी पात्राने 'बळकावलं'. त्यानंतर मिकेलाने आपण माणूस नसल्याचं सांगितलं आणि आपल्याला फसवलं गेल्याबद्दल व्याकूळ पोस्ट लिहिली. दोन्ही पात्रं एकाच कंपनीची होती.

इथे फसवणूक झालेलं कोणी नव्हतं, व्याकूळ झालेलं कोणी नव्हतं. तरी पोस्ट ओळखीची वाटली, कारण तिचा साचा माणसांच्या कबुलीपोस्टमधून आला होता. प्रश्न ६ मधल्या रडण्यात निदान अश्रू खरे होते. इथे लक्षणं आहेत आणि शरीर नाही.

११. म्हणजे सोशल मीडियावरचं सगळंच खोटं, असं समजायचं का?

नाही, आणि हा सिद्धान्ताचा सर्वांत मोठा गैरवापर आहे. 'सगळंच सिम्युलेशन' म्हटलं की कुठलीच पोस्ट दुसरीपासून वेगळी करता येत नाही, मग सिद्धान्ताचा उपयोग काय? बोद्रियार यांनी १९९१ च्या आखाती युद्धाबद्दल 'ते झालंच नाही' अशा शीर्षकाने लिहिलं, तेव्हा त्यांचा रोख युद्धाच्या दूरचित्रवाणीवरच्या रूपाकडे होता. तरी माणसं तर मेलीच होती, ही टीका त्यांना सोसावी लागली आणि ती योग्य होती.

म्हणून मर्यादा ठेवा. अपघाताचा किंवा मारहाणीचा रस्त्यावर टिपलेला व्हिडिओ हा पुरावा असू शकतो. तो जागा, वेळ आणि इतर चित्रीकरणाशी ताडून पाहावा लागतो, सिद्धान्ताने उडवून लावता येत नाही. प्रहसन म्हणून टाकलेलं प्रहसनही इथे येत नाही, कारण ते अस्सलपणाचा दावाच करत नाही. आणि बोद्रियार २००७ मध्ये वारले, इन्स्टाग्राम २०१० चं. त्यांनी या माध्यमावर काही लिहिलेलं नाही. आपण जे करतो ते त्यांच्या कल्पनांचं उपयोजन आहे. तुमच्या लेखनातही ते तसंच सांगा.

१२. माझे फॉलोअर साठ, सगळे ओळखीचे. मी फोन मांडून काही करत नाही. मला हे लागू होतं का?

मॅकॅनेल यांचा भाग कमी लागू होतो, बोद्रियार यांचा जास्त. तुम्ही मंच उभारत नसाल, तरी मापं कुठून घेता ते पाहा.

बोद्रियार यांच्या मते पूर्वी प्रदेश आधी आणि नकाशा नंतर असे. आता नकाशा आधी येतो. मित्रांसोबत टेकडीवर गेल्यावर नेमक्या त्याच कड्यावर पाय सोडून बसावंसं वाटणं, सूर्यास्त होत असताना 'कुठल्या दोन सेकंदांचा व्हिडिओ होईल' हे मनात येणं, आणि पोस्ट काहीच करायचं नसतानाही हे होणं, म्हणजे नकाशा आधी आला. इथे प्रेक्षक साठ आहेत की शून्य, याने फरक पडत नाही.

तपासायचं असेल तर पुढच्या सहलीनंतर दोन याद्या करा: काय आठवतं, आणि कशाचे फोटो आहेत. आठवणीत असलेल्या पण फोटो नसलेल्या गोष्टी, म्हणजे वास, कंटाळा, वाट चुकणं, झालेलं भांडण, आधी लिहून काढा. फोटो पाहण्यापूर्वीच लिहा. एकदा फोटो चाळले की पहिली यादी दुसरीसारखी होऊ लागते, आणि मग कोणती गोष्ट आठवली आणि कोणती दिसली हे सांगता येत नाही.